लग्नाच्या सहाशे फोटोंना चित्रशैली: क्लाउडचं कार्ड भाड्याने घ्यावं की दुकानातल्याच कॉम्प्युटरवर करावं? सोलापूरच्या स्टुडिओवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

हल्ली पार्टी अल्बम ठरवतानाच सांगते, "मंगलाष्टकांची पानं जलरंगातल्या चित्रासारखी पाहिजेत." एकदोन फोटो असतील तर मोबाइलमधल्या ॲपवर भागतं. एका लग्नाचे पाचसहाशे फोटो एकाच हाताने रंगवल्यासारखे दिसायला हवे असतील, तर चित्र काढणारं एआय मॉडेल आपल्या ताब्यातल्या मशीनवर चालवावं लागतं. ते मशीन दुकानात असावं की भाड्याचं, हा खरा प्रश्न. खाली सगळीकडे उदाहरण एकच धरलंय: २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे ६०० जेपीजी, एसडीएक्सएल मॉडेल, फोटोवरून फोटो करण्याची पद्धत, आणि रेषा जागच्या जागी राहाव्यात म्हणून सोबत कंट्रोलनेट.

आधी उत्तर सांगा, मग कारणं. क्लाउड की घरचा?

एडिटिंगसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये एनव्हीडियाचं १२ जीबी व्हीरॅमचं, म्हणजे स्वतःच्या मेमरीचं, ग्राफिक्स कार्ड आधीपासून असेल तर घरचाच. नसेल तर नुसत्या या कामासाठी कार्ड विकत घेऊ नका, तासावर भाड्याने घ्या. याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे ज्या पार्टीला आपले फोटो बाहेर गेलेले चालत नाहीत ती. तिच्यासाठी हिशोब कितीही क्लाउडच्या बाजूने निघाला तरी काम दुकानातच करायचं, किंवा घ्यायचं नाही.

पैशाचा हिशोब मांडून दाखवा.

दुकानात आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं कार्ड आहे असं धरू. वर सांगितलेल्या कामाला या कार्डावर एका फोटोमागे साधारण १८ सेकंद लागतात. तुमच्याकडे पाचसहा सेकंद इकडेतिकडे होतील, म्हणून आधी दहा फोटो लावून घड्याळ बघा. ६०० फोटोंचे १०,८०० सेकंद, म्हणजे तीन तास. या काळात अख्खा कॉम्प्युटर मिळून २५० वॅटच्या आसपास खातो. म्हणजे पाऊण युनिट. युनिटचा दर १२ रुपये धरला तरी विजेचे नऊ रुपये होतात. चहाचंच बिल त्यापेक्षा जास्त येतं.

आता भाड्याचं. आरटीएक्स ४०९०, २४ जीबीचं मशीन तासाला ५० रुपयांना मिळालं असं समजू. दर रोज हलतात आणि बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये असतात, त्यामुळे ५० च्या जागी तुमचा आकडा घाला. या कार्डावर तेच काम फोटोमागे चारेक सेकंदात होतं, म्हणजे ६०० फोटो ४० मिनिटांत. पण भाडं फक्त ४० मिनिटांचं लागत नाही. मशीन चालू करून मॉडेल उतरवणं, ट्रायल, मुख्य बॅच आणि निकाल परत डाउनलोड करणं, हे सगळं धरून तीन तासांचा मीटर पडतो. दीडशे रुपये, वर कर आणि बँकेच्या कार्डाचं चलनशुल्क. १८० म्हणू.

म्हणजे लग्नामागे क्लाउड १७० रुपयांनी महाग. कार्ड नवं घ्यायला २६,००० रुपये लागणार असतील तर ते वसूल व्हायला दीडशेच्या वर लग्नं लागतील, तीही प्रत्येक पार्टीने चित्रशैली मागितली तर. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय कमी पडला म्हणून तो बदलावा लागला तर लग्नं आणखी वाढतात. म्हणून म्हटलं, नुसत्या या कामासाठी घेऊ नका. पण त्याच कार्डावर तुमचं व्हिडिओ एडिटिंगही चालणार असेल तर हा हिशोबच लागू होत नाही. मग चित्रशैली फुकटात पदरात पडते.

पाचपट वेग असूनही काम पाचपट लवकर का संपत नाही?

कारण बॅचचे तास हा त्या कामाचा लहान भाग असतो. मोठा भाग ट्रायलचा. वीस फोटो निवडायचे: दोन क्लोजअप, दोन हॉलमधल्या पिवळ्या लाइटचे, दोन बाहेरच्या उन्हातले, एक वरातीचा रात्रीचा, एखादा शालूच्या जरीचा, एक ग्रुप. त्यांच्यावर मॉडेलने मूळ फोटो किती बदलायचा तो आकडा फिरवत बसायचं. या आकड्याचं नाव `strength`, आणि तो ० ते १ च्या मध्ये असतो. ०.३ ला फोटोवर नुसता फिल्टर मारल्यासारखा दिसतो. ०.६ ला चित्र सुंदर येतं, पण नवरी दुसरीच कोणीतरी असते. लग्नाच्या फोटोंसाठी कंट्रोलनेट लावून ०.४ ते ०.५ च्या मध्येच कुठेतरी थांबावं लागतं, आणि ते कुठे हे डोळ्यांनीच ठरतं.

याच आकड्यावर वेळही ठरतो. ३० स्टेप सांगितल्या आणि `strength` ०.५ ठेवला तर मॉडेल प्रत्यक्षात १५ स्टेपच चालवतं. म्हणून दोन जणांनी सांगितलेले फोटोमागचे सेकंद ताडून बघताना दोघांचा हा आकडा आधी विचारा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

ट्रायलच्या वेळी माणूस विचार करत असतो आणि कार्ड रिकामं बसलेलं असतं. घरच्या कार्डाला त्याचं काही नाही, भाड्याच्या कार्डाचा मीटर मात्र पळतो. आणि बॅच संपल्यावर सहाशेच्या सहाशे निकाल एकेक करून बघावे लागतात. त्याला कुठलंही कार्ड घेतलं तरी तेवढाच वेळ.

ग्रुप फोटोत मागच्या रांगेतले चेहरे विद्रूप का होतात? मोठं कार्ड घेतलं तर सुधारतील?

नाही. हे कार्डाचं दुखणं नाही. मॉडेल फोटोवर थेट काम करत नाही. आधी त्याची लांबी आणि रुंदी आठपट आकसून घेतं, त्या आकसलेल्या रूपावर काम करतं आणि शेवटी परत फुगवतं. १२४८ पिक्सेल रुंदीच्या फोटोत मागच्या रांगेतल्या काकांचा चेहरा ४० पिक्सेलचा असेल, तर मॉडेलच्या हातात त्यांच्या चेहऱ्याची जेमतेम पाच बाय पाच घरं येतात. पाच घरांत डोळे, नाक, मिशी काय मावणार? ते अंदाजाने काहीतरी भरतं.

व्यवहारात यावर दोन उपाय आहेत. पन्नाससाठ माणसांचा ग्रुप या कामातून सरळ वगळायचा, किंवा तेवढ्या फोटोंना `strength` ०.२५ पर्यंत खाली आणून हलकासा कागदी पोत द्यायचा. तुकडे पाडून करण्याची पद्धत आहे, पण तिला एका फोटोमागे पाचसहापट वेळ जातो आणि सांधे दिसतात. मला विचाराल तर ग्रुप फोटो फोटोच राहू द्यावा. आत्याचा चेहरा बिघडला तर अल्बम परत येतो.

आमच्या नेटवरून ६०० फोटो चढवायचे म्हणजे रात्र जाईल ना?

मूळ फोटो तसेच चढवलेत तर जाईल. फोटोला ८ एमबी धरले तर जवळपास ५ जीबी होतात. अपलोडचा खरा वेग ५ एमबीपीएस असेल तर दोन तासांच्या वर, तेही मध्ये लाइन तुटली नाही तर. फायबरवर १०० एमबीपीएस खरोखर मिळत असेल तर दहा मिनिटांचं काम. वेग तपासताना डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका, इथे अपलोडचा लागतो.

पण मूळ फोटो पाठवायची गरजच नाही. एसडीएक्सएल सुमारे एक मेगापिक्सेलच्या चित्रावर शिकवलेलं आहे. २४ मेगापिक्सेल दिले तरी त्याला ते छोटेच करून लागतात. तीनास दोनच्या प्रमाणाला १२४८ बाय ८३२ हे माप नेमकं बसतं: काही कापावं लागत नाही आणि दोन्ही आकडे आठच्या पटीत आहेत. इमेजमॅजिकने दुकानातच छोटे करून घ्या:

```
mkdir chhote
magick mogrify -path chhote -auto-orient -resize "1248x1248>" -strip -quality 90 *.jpg
```

आता सगळे मिळून अडीचशे एमबीच्या आसपास होतात. ५ एमबीपीएसवरही सातआठ मिनिटांत चढतात.

यातले दोन शब्द नीट समजून घ्या. `-strip` फोटोतली लपलेली माहिती काढतो: तारीख, कॅमेऱ्याचा क्रमांक, आणि जीपीएस चालू असेल तर घराचं ठिकाणही. क्लाउडवर जायच्या आधी हे व्हायलाच हवं. पण फोटो आडवा की उभा हेही त्याच माहितीत लिहिलेलं असतं, म्हणून `-auto-orient` आधी लागतो. तो विसरलात तर उभे फोटो सगळे आडवे पडून येतील. आणि कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर लावलेला असेल तर आधी एसआरजीबीत बदलून घ्या, कारण `-strip` रंगाची प्रोफाइलही काढून टाकतो आणि शालूचा लाल रंग फिका पडतो.

इतक्या छोट्या फोटोवरून अल्बमचं पान छापता येईल?

येईल. निकाल आल्यावर तो चौपट मोठा करायचा, रिअल-ईएसआरगॅनसारख्या मॉडेलने. १२४८ बाय ८३२ चा ४९९२ बाय ३३२८ होतो. बारा बाय अठरा इंचाच्या पानाला इंचामागे २७७ पिक्सेल पडतात, छपाईला पुरेसे आहेत. खऱ्या फोटोत असा फुगवलेपणा कातडीवर दिसतो. जलरंगात किंवा तैलरंगात तो ब्रशच्या फटकाऱ्यांत लपून जातो. मोठं करण्याचं काम फक्त अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंचं करा. सहाशेचं केलंत तर हार्ड डिस्क भरेल.

घरच्या कॉम्प्युटरवर सुरुवात छान होते, मग अचानक एकेका फोटोला मिनिट-मिनिट लागायला लागतो. कार्ड गेलं का?

कार्ड ठीक असतं, व्हीरॅम भरलेला असतो. पूर्वी व्हीरॅम भरला की प्रोग्राम मेमरी संपल्याचा एरर देऊन बंद पडायचा. २०२३ पासून विंडोजवरचा एनव्हीडियाचा ड्रायव्हर उरलेला माल साध्या रॅममध्ये सरकवतो. एरर येत नाही, पण रॅम कार्डापासून लांब असल्याने वेग पार बसतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू उघडा. `Shared GPU memory` चा आकडा वर चढत असेल तर हेच झालंय.

बहुतेक वेळा दोषी मॉडेल नसतं. मागे उघडं राहिलेलं फोटोशॉप, एडिटिंगचा प्रोजेक्ट आणि क्रोमच्या वीस टॅब यांनी मिळून दीडदोन जीबी खाल्लेले असतात. ते बंद करा. एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये `CUDA - Sysmem Fallback Policy` ही सेटिंग आहे, ती `Prefer No Sysmem Fallback` वर ठेवली की सरकवणं थांबतं आणि जुन्यासारखा सरळ एरर येतो. रात्री बॅच लावून घरी जाणार असाल तर हे जास्त बरं: मेमरी पुरत नसेल तर ते बहुधा सुरुवातीलाच कळतं, सकाळी येऊन नाही.

आठ जीबीच्या कार्डावर एसडीएक्सएल चालतं, पण कंट्रोलनेट जोडलं की ओढाताण सुरू होते. चार जीबीवर त्याचा नाद सोडा.

काही निकाल पूर्ण काळे येतात. हे काय आहे?

एसडीएक्सएलचा शेवटचा भाग, आकसलेलं चित्र परत फुगवणारा, अर्ध्या अचूकतेच्या आकड्यांत चालवला तर काही वेळा आकडे हाताबाहेर जातात आणि चित्र काळं पडतं. ऑटोमॅटिक११११ हा प्रोग्राम वापरत असाल तर सुरू करताना `--no-half-vae` द्या. स्क्रिप्ट लिहीत असाल तर त्या भागाची दुरुस्त आवृत्ती `madebyollin/sdxl-vae-fp16-fix` या नावाने मिळते, ती लावा. क्लाउडवर मशीन बदललं तरी ही अडचण बदलत नाही, म्हणून तिथे पैसे मोजत शोधण्यापेक्षा आधीच लावून जा.

मे महिन्यात ४२-४३ अंशांत तीन तास कार्ड पूर्ण ताकदीने चालवायचं का? आणि लाइट गेली तर?

दुपारी चालवू नका, रात्री लावा. दुकानाचं शटर बंद, पंखा बंद आणि कॉम्प्युटर टेबलाखालच्या कप्प्यात, अशा अवस्थेत कार्ड ८३ अंशांच्या आसपास गेलं की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतं. जळत नाही, पण तीन तासांचे साडेतीन-चार होतात. हे उघड्या डोळ्यांनी बघायचं असेल तर ही कमांड चालू ठेवा, दर पाच सेकंदांनी आकडे येतील:

```
nvidia-smi --query-gpu=temperature.gpu,power.draw,memory.used --format=csv -l 5
```

३०६० ची मर्यादा मुळात १७० वॅटची असते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून `nvidia-smi -pl 135` दिलं की ती १३५ वर येते. वेग थोडासाच घटतो, उष्णता मात्र चांगली उतरते. उन्हाळाभर असंच ठेवायला हरकत नाही. लॅपटॉपवर बहुधा ही कमांड चालत नाही. लॅपटॉपवर तासन् तास बॅच लावूच नये, असं माझं मत आहे.

लाइटचं म्हणाल तर यूपीएस कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता असतो, तीन तास ओढण्यासाठी नाही. खरा उपाय म्हणजे बॅच जिथे तुटली तिथूनच पुढे सुरू झाली पाहिजे. कोणतीही स्क्रिप्ट वापरा, तिच्या पोटात एवढं असलंच पाहिजे:

```python
for f in sorted(src.glob("*.jpg")):
    out = dst / (f.stem + ".png")
    if out.exists():
        continue
    g = torch.Generator("cpu").manual_seed(7)
    img = stylize(f, generator=g)
    tmp = out.with_suffix(".tmp")
    img.save(tmp, format="PNG")
    tmp.rename(out)
```

इथे `stylize` म्हणजे तुमचं मॉडेल चालवणारं फंक्शन. झालेला फोटो स्क्रिप्ट पुन्हा करत नाही. आधी `.tmp` नावाने जतन करून मग नाव का बदललंय? नेमकं जतन होतानाच लाइट गेली तर अर्धवट फाइल उरते. तिला खरं नाव असतं तर पुढच्या वेळी स्क्रिप्टने ती झालेली समजून सोडली असती, आणि अर्धा करडा फोटो थेट डिझायनरकडे गेला असता.

क्लाउडवर हिशोबापेक्षा बिल जास्त येतं ते कशामुळे?

मशीन चालू राहिल्यामुळे. बॅच संपली, ब्राउझर बंद केला, लॅपटॉप मिटला, तरी भाड्याचं मशीन चालूच असतं. शनिवारी रात्री विसरलात आणि सोमवारी सकाळी आठवलं तर ५० रुपयांच्या दराने सतराशे-अठराशेंचा चुना लागतो. आगाऊ पैसे भरून चालणारी सेवा घ्या आणि खात्यात पाचशेच रुपये ठेवा. विसरलात तरी नुकसान तेवढंच.

दुसरं कारण छुपं आहे. मशीन थांबवलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं सुरू राहतं. मॉडेल पुन्हा उतरवायला नको म्हणून लोक डिस्क तशीच ठेवतात. एसडीएक्सएलची फाइल ७ जीबीच्या आसपास असते आणि डेटा सेंटरच्या नेटवर काही मिनिटांत उतरते. तेवढ्यासाठी महिनाभर डिस्क पोसू नका. शिवाय त्या डिस्कवर पार्टीचे फोटोही पडून असतात, ते वेगळंच.

स्वस्तातलं, कधीही काढून घेतलं जाणारं मशीन या कामाला चांगलं चालतं, पण वरची स्क्रिप्ट असेल तरच. ॲमेझॉनच्या अशा मशीनला काढून घेण्याआधी दोन मिनिटांची सूचना मिळते. निकाल फक्त तिथल्याच डिस्कवर असतील तर दोन मिनिटांत काही हाती लागत नाही, म्हणून दर पन्नास फोटोंनी खाली ओढत राहा.

ट्रायल घरी आणि फायनल क्लाउडवर, असं जमतं का?

जमतं, आणि घरचं कार्ड हळू असेल तर हाच मध्यममार्ग सगळ्यात शहाणपणाचा. घरी निवांत वीस फोटोंवर सगळे आकडे ठरवा, सेटिंगची फाइल जतन करा, मगच मशीन भाड्याने घ्या. तीन तासांचा मीटर सव्वा-दीड तासावर येतो.

एक अडचण मात्र येते. मॉडेल फोटोत सुरुवातीला जो यादृच्छिक डाग मिसळतं तो कार्डावर तयार केला तर कार्ड बदललं की तोच बीज-आकडा, म्हणजे `manual_seed` मधला, देऊनही चित्र वेगळं येतं. म्हणून वरच्या स्क्रिप्टमध्ये `Generator("cpu")` लिहिलंय. डाग प्रोसेसरवर तयार झाला की दोन्हीकडे तोच मिळतो. तरी बारीक फरक राहतो, म्हणून समोरासमोरच्या पानांवरचे फोटो शक्यतो एकाच मशीनवर करा.

फोटो क्लाउडवर गेले की ते कोण कोण बघू शकतं?

हे तुम्ही काय भाड्याने घेतलंय त्यावर आहे. "फोटो टाका, चित्र मिळवा" अशा तयार साइटवर फोटो त्या कंपनीच्या हातात जातात. पुढे त्यांचं काय होणार ते तिच्या अटींत असतं, आणि त्या अटी बदलतात. लग्नाच्या कामाला मी अशा साइट वापरत नाही.

भाड्याच्या मशीनमध्ये दोन जाती आहेत. एक डेटा सेंटरमधली, दुसरी बाजारातली, म्हणजे कुठल्यातरी माणसाने आपल्या घरचं कार्ड तासावर लावलेलं. दुसरी स्वस्त पडते. पण त्या मशीनचा मालक तुमच्या कंटेनरच्या, म्हणजे मशीनमधल्या तुमच्या कप्प्याच्या, वरच्या पायरीवर बसलेला असतो. त्याने ठरवलं तर आतल्या फाइली बघू शकतो आणि तुम्हाला कळणारही नाही. "एन्क्रिप्टेड आहे" या शब्दावर इथे भरवसा ठेवू नका: पाठवताना आणि डिस्कवर फोटो कुलूपबंद असू शकतो, पण मॉडेलने काम करायचं तर मेमरीत तो उघडावाच लागतो.

तिसरा धोका आपण स्वतःच ओढवून घेतो. कॉम्फीयूआय हा मॉडेल चालवायचा प्रोग्राम `--listen` देऊन उघड्या पत्त्यावर चालवला की ज्याच्या हाती तो पत्ता लागेल त्याला नवरीचे फोटो दिसतात, पासवर्ड विचारलाच जात नाही. `--listen` देऊ नका, एसएसएचच्या बोगद्यातून जोडा:

```
ssh -L 8188:localhost:8188 user@server
```

मग आपल्याच ब्राउझरमध्ये `localhost:8188` उघडायचं. आणि मॉडेल उतरवताना `.safetensors` ची फाइल घ्या. जुन्या `.ckpt` फाइलच्या पोटात कोड लपवता येतो.

सिद्धेश्वर यात्रेचे फोटो असतील, म्हणजे नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, रस्त्यावरची गर्दी, तर मी स्वस्तातलं बाजारातलं मशीनही बिनधास्त घेतो. सोहळा सार्वजनिक आहे. ट्रायलला हे फोटो उत्तमही आहेत: जलरंगाच्या शैलीत पांढरं कापड कागदात विरघळून जातं, आणि ते सावरणारी सेटिंग सापडली की बाकीचं सोपं जातं. हळदीचे, घरातले, लहान मुलांचे फोटो मात्र दुकानाबाहेर काढत नाही.

कायद्याने पार्टीची परवानगी लागते का?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. घरगुती कामासाठी स्वतःपुरता वापर त्यातून वगळलेला आहे, पण स्टुडिओचा धंदा घरगुती वापरात बसत नाही. परदेशात डेटा पाठवायला सरसकट बंदी नाही, सरकार ठरावीक देशांवर ती घालू शकतं. मशीन भारतात घेता आलं तर तो विषयच निघत नाही.

म्हणून परवानगी घेतलेलीच बरी. बुकिंगच्या पावतीवर एक ओळ वाढवा: "चित्रशैलीच्या पानांसाठी फोटो बाहेरच्या संगणकावर पाठवले जातील व काम झाल्यावर तिथून काढले जातील. चालेल / चालणार नाही." पार्टीला टिक करू द्या. "चालणार नाही" वर टिक आली तर दर वेगळा सांगता येतो, कारण रात्रभर तुमचा कॉम्प्युटर अडकणार असतो. लोकांना ते पटतं.

कार्ड नाही, बाहेरही पाठवायचं नाही. काही उरतं का?

उरतं. २०१६ मध्ये जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली जलद शैली-बदलाची पद्धत. यात एका शैलीसाठी एकदाच शिकवलेलं छोटं नेटवर्क असतं. फोटो एका बाजूने जातो, दुसऱ्या बाजूने शैली चढून बाहेर येतो. साध्या प्रोसेसरवरही १२४८ पिक्सेलच्या फोटोला काही सेकंदच लागतात, सहाशे फोटो तासाभराच्या आसपास निघतात. (२०१५ ची मूळची गॅटिस यांची पद्धत घेऊ नका, ती एकेका फोटोवर शेकडो फेऱ्या मारते.)

चित्र एसडीएक्सएलइतकं समजून काढलेलं येत नाही, सगळीकडे एकसारखा पोत पसरल्यासारखा दिसतो. पण चेहरा बदलून दुसऱ्याचा होत नाही. काही पार्ट्यांना तेच जास्त आवडतं.

चादरीच्या किंवा टॉवेलच्या डिझाइनला हेच वापरता येईल का? कारखानदार मित्र विचारतोय.

कॅटलॉगच्या फोटोंना येईल, डिझाइनला नाही. जॅकार्डच्या डिझाइनमध्ये नक्षी ठरावीक धाग्यांनंतर तंतोतंत पुन्हा यावी लागते. हे मॉडेल प्रत्येक फूल थोडंसं वेगळं काढतं, आणि काठाची चौकट कुठेतरी एका घराने सरकते. कागदावर लक्षात येत नाही, मागावर लगेच येतं. कॅटलॉगसाठी करायचं तर घरच्याच मशीनवर करा. नवी नक्षी बाजारात यायच्या आधी बाहेरच्या डिस्कवर ठेवायला कुठलाच कारखानदार हो म्हणणार नाही.